तारखा दोन लागतात : आरसीएमधली कामं तडीस नेण्याची आमची पद्धत

सोमवार, ७ एप्रिल २०२५. सकाळी साडेदहाच्या सुमारास इंदूरच्या सियागंजातल्या एका किराणा व्यापाऱ्याचा फोन आला, "भिया, बिल नी निकल रिया." पाच मिनिटांत सपोर्टच्या तिन्ही लाइनी गुंतल्या. आम्ही घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर चालवतो. दुकानातला कॉम्प्युटर आमच्या सर्व्हरशी बोलतो आणि ई-वे बिलही तिथूनच निघतं. राज्याबाहेर जाणारा ५०,००० रुपयांवरचा माल त्या बिलाशिवाय हलत नाही. म्हणजे गाडी भरलेली, ताडपत्री बांधलेली, आणि ड्रायव्हर दुकानाच्या पायरीवर बसलेला.

कारण सापडायला अर्धा तास लागला. समोरचा सर्व्हर आमचाच आहे हे दुकानातल्या कॉम्प्युटरला पटवणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत सकाळीच संपली होती. नवं सर्टिफिकेट हाताने काढलं, `nginx` हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर रीलोड केलं आणि पावणेबाराच्या आत बिलं निघू लागली. दुसऱ्या दिवशी रीतसर आरसीए झालं, म्हणजे बिघाडाचं मूळ कारण शोधायची बैठक, आणि अकरा ऍक्शन आयटम लिहिले गेले. बरोबर तेरा आठवड्यांनी, सोमवार ७ जुलैला, तोच व्यापारी, तोच फोन, तीच एरर.

पहिल्यांदा काय चुकलं यापेक्षा अकरा आयटम लिहूनही दुसऱ्यांदा तेच कसं झालं, हे मला जास्त छळत होतं. त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. ती या एका सर्टिफिकेटच्या प्रकरणावरूनच सांगते, कारण त्यात सगळ्या खोड्या एकत्र सापडतात.

आधी एप्रिलची यादी उघडू

मूळ घोटाळा साधा होता. आमचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं, ९० दिवसांचं. ते आपोआप रिन्यू करणारं `certbot` दिवसातून दोनदा जागं होतं आणि मुदत ३० दिवसांच्या आत आली की नवं आणायला जातं. ते आणताना लेट्स एन्क्रिप्ट बाहेरून आमच्या पोर्ट ८० वर येऊन डोमेन आमचंच आहे ना, हे तपासतं. फेब्रुवारीत फायरवॉलची साफसफाई झाली तेव्हा "८० कशाला हवंय, सगळं ४४३ वरच तर चालतं" म्हणून ते पोर्ट बंद केलं गेलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून रिन्यूअल रोज दोनदा फेल होत होतं. महिनाभरात लॉगमध्ये साठेक वेळा तीच ओळ पडली. ती कुणी पाहिली नाही.

आता अकरांपैकी चार आयटम जसे लिहिले होते तसेच देते. "सर्टिफिकेट रिन्यूअल नीट करणे – ओनर : ऑप्स टीम – झालं." "मुदत संपण्याआधी अलर्ट लावणे – ओनर : ऑप्स टीम – लवकरात लवकर." "लेट्स एन्क्रिप्टकडे टीमचा मेल आयडी देणे – झालं." "टीममधला संवाद सुधारणे – सर्वजण – सतत."

पहिल्याला "झालं" असं लिहिलं कारण पोर्ट ८० उघडलं होतं. तिसरा आयटम खरोखर झाला होता. मुदत जवळ आल्याचे मेल नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या पत्त्यावर जात होते, ते आम्ही टीमच्या पत्त्यावर वळवले. पण ४ जून २०२५ पासून लेट्स एन्क्रिप्टने असे मेल पाठवणंच बंद केलं. त्यांनी ते जानेवारीतच जाहीर केलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. म्हणजे पूर्ण केलेलं काम दोन महिन्यांत निकामी झालं आणि यादीत मात्र हिरवी खूण तशीच राहिली. दुसऱ्या आयटमच्या "लवकरात लवकर"ला तर कॅलेंडरात जागाच नसते.

जुलैत काय झालं

६ जूनला `certbot` ने नवं सर्टिफिकेट बिनबोभाट आणलं. पोर्ट उघडं असल्यामुळे एप्रिलचं कारण खरंच मिटलं होतं. पण `nginx` सुरू होताना सर्टिफिकेट मेमरीत घेतं आणि रीलोड होईपर्यंत तेच दाखवत राहतं. पूर्वी दर रिलीजला `nginx` रीस्टार्ट व्हायचं म्हणून हे कधी लक्षात आलं नव्हतं. मे महिन्यात रिलीजची पद्धत बदलली, त्यानंतर फक्त ऍप रीस्टार्ट होऊ लागलं. डिस्कवर नवं, मेमरीत जुनं. जुनं रविवारी ६ जुलैला संपलं. रविवारी बाजार बंद, त्यामुळे सोमवारी सकाळपर्यंत आम्ही सुखात होतो.

ही तफावत दोन कमांडींत दिसते. पहिली डिस्कवरची फाइल वाचते, दुसरी ग्राहकाला प्रत्यक्षात काय मिळतंय ते.

```
openssl x509 -noout -enddate -in /etc/letsencrypt/live/api.example.com/fullchain.pem
notAfter=Sep  4 13:49:02 2025 GMT

echo | openssl s_client -connect api.example.com:443 -servername api.example.com 2>/dev/null | openssl x509 -noout -enddate
notAfter=Jul  6 05:08:21 2025 GMT
```

एप्रिलचा पहिला आयटम क्लोज करताना आम्ही पहिल्या कमांडीइतकीही तसदी घेतली नव्हती. पण घेतली असती तरी उपयोग नव्हता. पोर्ट उघडल्यानंतर रिन्यूअल खरोखर चालतंय की नाही, हे ६ जूनपूर्वी आपसूक कळणार नव्हतं, आणि ६ जूनला तो आयटम उघडा नव्हता. पुढची सगळी पद्धत या एका वाक्यातून निघाली आहे.

पायरी एक : यादी कापा

अकरा आयटम म्हणजे शून्य आयटम. जुलैच्या आरसीएत आम्ही एकच प्रश्न लावला : हे काम झालं असतं तर सोमवारी व्यापाऱ्याचा फोन आला नसता, किंवा निदान त्याच्याआधी आम्हाला कळलं असतं, असं ठामपणे म्हणता येतं का? "संवाद सुधारणे" इथेच गळालं. उरले चार. रिन्यूअलनंतर `nginx` आपोआप रीलोड व्हावं. बाहेरून मुदत मोजणारा अलर्ट असावा. फायरवॉलमध्ये पोर्ट ८० चा नियम कारणासकट नोंदलेला असावा, म्हणजे पुढचा माणूस पुन्हा साफसफाई करणार नाही. आणि रिन्यूअल फेल झालं की लगेच मेसेज यावा.

चौथा आम्ही मुद्दाम सोडला. रिन्यूअलचा पहिला प्रयत्न मुदतीच्या ३० दिवस आधी होतो, बाहेरचा अलर्ट २१ दिवसांवर वाजणार होता. म्हणजे बिघाड फार तर नऊ दिवस नजरेआड राहील आणि त्यानंतरही तीन आठवडे हातात असतील. तेवढी जोखीम परवडते. पण "सोडला" असं नुसतं लिहून भागत नाही. कुणी सोडला, कोणत्या हिशेबाने, हे त्याच नोंदीत लिहिलं. इथे नाव माझं आहे. ज्याला नकार द्यायचा त्या कामालाही ओनर लागतो. एरवी ते "पेंडिंग" म्हणून दोन वर्षं यादीत कुजतं आणि त्याच्या वासाने बाकीची यादीही कुणी उघडत नाही.

पायरी दोन : वाक्य असं लिहा की हो किंवा नाहीच उत्तर येईल

"रिन्यूअल नीट करणे" या वाक्याला शेवट नाही. त्याऐवजी आता असं आहे : "`certbot` ने नवं सर्टिफिकेट आणल्यावर एका तासाच्या आत, कुणी हात न लावता, बाहेरून तपासलं तर नवी मुदत दिसते." हे वाक्य वाचून नवखा मुलगाही वरच्या दोन कमांडी मारून हो की नाही सांगू शकतो. त्यात कसं करायचं हे मुद्दाम नाही. हूक लावा, क्रॉन लावा, ओनरची मर्जी.

"तपासणे", "अभ्यास करणे", "विचार करणे" अशा क्रियापदांवर संपणारा आयटम आम्ही घेत नाही. अभ्यास करायचाच असेल तर "अमुक तारखेला दोन पर्याय आणि त्यांतला एक निवडलेला" असं लिहायचं.

पायरी तीन : ओनर एक, आणि तो त्या बैठकीत हजर

टीम ही ओनर होऊ शकत नाही, हे सगळे मानतात आणि तरी लिहिताना टीमच लिहितात, कारण समोरच्यावर काम लादल्यासारखं वाटतं. आमच्याकडे आता नाव लिहिण्याआधी त्या माणसाने तोंडाने "घेतो" म्हणावं लागतं. गैरहजर माणसाच्या नावावर काही टाकायचं नाही. सुट्टीवर असलेल्या दादाच्या गळ्यात काम बांधणं ही आमची जुनी खोड होती.

ओनरने स्वतःच काम करावं असं नाही. फायरवॉल आमच्या हातात नाही, होस्टिंगवाल्यांकडे आहे. एप्रिलमध्ये त्या आयटमपुढे "व्हेंडर" असं लिहिलं होतं आणि व्हेंडरला ते माहीतही नव्हतं. आता ओनर आमच्या सपोर्टमधली ताई आहे. नियम बदलणं तिचं काम नाही. पण त्यांच्याकडे तिकीट टाकणं, तिकिटाचा नंबर आमच्या नोंदीत लिहिणं आणि नियमापुढची टीप स्वतः डोळ्यांनी पाहणं तिचं आहे.

माणूस नोकरी सोडून जातो किंवा दुसऱ्या प्रोजेक्टवर जातो, तेव्हा लॅपटॉप परत घेण्याच्या यादीत आम्ही एक ओळ घातली : त्याच्या नावावरचे उघडे आरसीए आयटम कुणी घेतले? मेलचं प्रकरण आठवत असेल तर ही ओळ का, हे सांगायला नको.

पायरी चार : दोन तारखा

आता मुद्द्याचं. प्रत्येक आयटमला आम्ही दोन तारखा देतो. पहिली कामाची : बदल कधी लागणार. दुसरी पुराव्याची : ज्या परिस्थितीत गाडं अडलं होतं तीच परिस्थिती पुन्हा आपसूक येईल तो दिवस. आयटम क्लोज होतो तो दुसऱ्या तारखेला. मधल्या काळात त्याची अवस्था "काम झालं, पुरावा बाकी" अशी असते आणि तो यादीत दिसत राहतो.

पुराव्याची तारीख अंदाजाने टाकायची नसते, काढायची असते. आमच्या प्रकरणात ७ जुलैला रीलोड केल्यावर जे सर्टिफिकेट चालू झालं त्याची मुदत ४ सप्टेंबर. त्यातून ३० दिवस वजा केले की ५ ऑगस्ट. म्हणजे खरं रिन्यूअल ५ ला रात्री किंवा ६ ला कधीतरी होणार. म्हणून कामाची तारीख शुक्रवार ११ जुलै, पुराव्याची गुरुवार ७ ऑगस्ट. पुरावा चुकला तरी ४ सप्टेंबरपर्यंत चार आठवडे हातात राहतात. ४ सप्टेंबर हा ऐन गणपतीतला दिवस, दोन दिवसांनी अनंत चतुर्दशी. त्या आठवड्यात इंदुरात अर्धं ऑफिस झांक्यांच्या गप्पांत असतं, तेव्हा बिघाड परवडणार नाही हेही डोक्यात होतंच.

चक्र वेगळं असेल तर तारीखही वेगळी. महिनाअखेरच्या रिपोर्टने सर्व्हर झोपवला असेल तर पुराव्याची तारीख पुढच्या महिन्याची १ किंवा २. दिवाळीच्या गर्दीत डेटाबेस अडकला असेल तर खरा पुरावा पुढच्या दिवाळीलाच मिळेल. तोवर थांबता येत नाही, म्हणून तिथे मुद्दाम भार टाकून चाचणी घ्यायची आणि तिचीच तारीख लिहायची. तारीख टाकण्याआधी कॅलेंडरही पाहायचं. रंगपंचमीला गेर असते, त्या दिवशी पुराव्याची तारीख टाकणारा माणूस इंदूरचा नसणार.

आणि मधल्या काळासाठी एक तात्पुरती काठी टेकू द्या. आमच्याकडे दोघांच्या फोनमध्ये २५ ऑगस्टचा रिमाइंडर होता : हाताने तपासा. ओबडधोबड आहे, पण पक्कं काम होईपर्यंत उघड्यावर राहण्यापेक्षा बरं.

पायरी पाच : पुरावा कशाला म्हणायचं

हूकचं, म्हणजे नवं सर्टिफिकेट आलं की `certbot` आपोआप चालवतं त्या फाइलीचं काम ११ जुलैला झालं. `/etc/letsencrypt/renewal-hooks/deploy/` मध्ये छोटी फाइल ठेवली :

```
#!/bin/sh
nginx -t && systemctl reload nginx
```

हे काम घेतलेल्या मुलाने `certbot renew --dry-run` ही रिन्यूअलची रंगीत तालीम चालवली, सगळं हिरवं आलं आणि त्याने नोंदीत लिहिलं, "टेस्टेड." जुन्या पद्धतीत आयटम तिथेच क्लोज झाला असता.

७ ऑगस्टला सकाळी आम्ही दोन्ही कमांडी मारल्या. डिस्कवर ३ नोव्हेंबर, बाहेरून ४ सप्टेंबर. जुलैचंच चित्र. फक्त या वेळी गाडी अडलेली नव्हती, फोन वाजत नव्हते आणि हातात २८ दिवस होते.

कारण शोधायला दहा मिनिटं लागली. फाइलला चालवण्याची परवानगीच दिलेली नव्हती. त्या फोल्डरमधल्या ज्या फाइलींना ती परवानगी नाही त्या `certbot` मुकाट सोडून देतं, एररही देत नाही. `chmod +x` एवढंच राहिलं होतं. आणि ड्राय रन हिरवा का आला? ड्राय रनमध्ये डिप्लॉय हूक वेगळं सांगितल्याशिवाय चालवलेच जात नाहीत. त्या चाचणीने पोर्ट ८० सिद्ध केलं, रीलोड नाही. चाचणी खरी होती, पण ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होती.

म्हणून पुरावा म्हणजे ग्राहक जिथून पाहतो तिथून पाहिलेलं, तारीख-वेळेसह नोंदीत चिकटवलेलं आउटपुट. "टेस्टेड" हा शब्द पुरावा नाही. आणि पुरावा ओनरने नाही, दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा. अविश्वासाचा प्रश्न नाही. ज्याने फाइल ठेवली त्याला ती चालतेच असं वाटत असतं.

त्याच दिवशी परवानगी दिली आणि `--force-renewal` ने एकदा खरं सर्टिफिकेट आणलं. मिनिटभरात बाहेरून नवी मुदत दिसली. (हा प्रयोग जपून करा. नावांच्या त्याच संचासाठी लेट्स एन्क्रिप्ट आठवड्यात पाचच सर्टिफिकेटं देतं. चाचणीच्या नादात ती संपवली तर खऱ्या गरजेला हात चोळत बसावं लागेल.) हा प्रयोग ११ जुलैलाच करायला हवा होता, हे मान्य. तरीही आयटम क्लोज केला नाही. पुढच्या नैसर्गिक रिन्यूअलचा हिशेब काढून पुराव्याची नवी तारीख ८ ऑक्टोबर टाकली. त्या दिवशी दोन्ही कमांडींची उत्तरं जुळली आणि तेव्हा क्लोज केला.

अलर्टचा पुरावा याहून गमतीचा. मुदत संपायला आली तर वाजेल, हे सिद्ध करायला मुदत संपायची वाट पाहायची का? नाही, उंबरठा हलवायचा. आमची तपासणी अशी आहे, आणि ती वेगळ्या मशीनवरून चालते :

```
echo | openssl s_client -connect api.example.com:443 -servername api.example.com 2>/dev/null | openssl x509 -noout -checkend 1814400
```

शेवटचा आकडा म्हणजे २१ दिवसांचे सेकंद. तो तासभरासाठी १०० दिवसांचा, म्हणजे `8640000` केला. ९० दिवसांचं सर्टिफिकेट १०० दिवसांत संपणारच, तेव्हा अलर्ट वाजलाच पाहिजे. वाजला, पण एका व्हॉट्सऍप ग्रुपवर, जो आम्ही सगळ्यांनी म्यूट केलेला होता. म्हणून आता रात्री ड्यूटीवर असलेल्याच्या फोनची घंटी वाजते. उंबरठा परत २१ वर आणायला विसरू नका. त्यासाठीही नोंदीत एक ओळ ठेवा.

दर गुरुवारचा पाव तास

यादी वेगळ्या डॉक्युमेंटात ठेवू नका. रोजची तिकिटं जिथे असतात तिथेच, एका लेबलखाली ठेवा. गुरुवारी अकराला, पोहे आटोपल्यावर, आम्ही ते लेबल उघडतो. पुढच्या सात दिवसांत ज्याची कुठलीही एक तारीख येते तेवढेच आयटम वाचायचे. ओनरला तीनच उत्तरं देता येतात : झालं आणि हा पुरावा, नवी तारीख आणि हे कारण, सोडायचं आणि जोखीम अमक्याची. "चालू आहे" हे उत्तर नाही.

तारीख एकदा पुढे गेली तर कुणी काही बोलत नाही. दुसऱ्यांदा गेली की आयटम आमच्या डायरेक्टर साहेबांच्या टेबलावर जातो. ओनरला ओरडा बसावा म्हणून नव्हे, तर दोनदा पुढे गेलेली तारीख म्हणजे त्या माणसाच्या वेळेवर दुसऱ्या कुणाचा हक्क आहे, आणि तो वाद त्याने एकट्याने सोडवायचा नसतो म्हणून. पोर्ट ८० चा आयटम असाच वर गेला. होस्टिंगवाले ताईचं तिकीट तीन आठवडे दाबून बसले होते. साहेबांनी एक फोन केला आणि संध्याकाळपर्यंत नियमापुढे टीप आली.

नवं आरसीए सुरू करण्याआधी आता आम्ही पहिली दहा मिनिटं जुने आयटम शोधण्यात घालवतो, सोडलेलेही. जुनी एरर पुन्हा दिसली तर नवा आयटम उघडायचा नाही, जुनाच पुन्हा उघडायचा, म्हणजे तो कोणत्या पुराव्यावर बंद केला होता हे समोर येतं.

क्लोज झालेल्या आयटमलाही वय असतं, हे मेलच्या प्रकरणाने शिकवलं. म्हणून एखाद्या आयटमचा हिशेब बाहेरच्या कुणाच्या नियमावर उभा असेल तर तो नियम नोंदीत लिहायचा आणि फेरतपासणीची तारीख टाकायची. आमच्या अलर्टचे २१ दिवस ९० दिवसांच्या सर्टिफिकेटवर बेतलेले आहेत. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या सीए/ब्राउझर फोरमने ठरवल्याप्रमाणे १५ मार्च २०२९ पासून सार्वजनिक सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त ४७ दिवसांवर येणार आहे. शेवटचा एक तृतीयांश काळ उरला असताना रिन्यू करायचं म्हटलं तर ते मुदत संपायला सोळाएक दिवस उरले असताना होईल. म्हणजे २१ वर लावलेला अलर्ट सगळं ठीक असतानाही दर फेरीला वाजेल आणि आठवड्याभरात कुणीतरी तो म्यूट करेल. त्या ओळीपुढे ओनर म्हणून माझं नाव आहे, कामाची तारीख जानेवारी २०२९ आणि पुराव्याची एप्रिल २०२९.